पॉवर बँक मध्येच का झोपते?

सोलापूर,
रविवार

प्रिय सुऱ्या,

परवा म्हणालास, नवी पॉवर बँक फोन नीट चार्ज करते, पण इअरबड्सची डबी लावली की थोड्या वेळात बंद पडते, दुकानात परत देतो. थांब बे, एवढ्यात देऊ नकोस.

गेल्या महिन्यात हुतात्मानं पुण्याला जाताना मी हातातला फिटनेस बँड चार्जिंगला लावला. कुर्डुवाडीला बघतो तर बँड ७८ टक्क्यांवर अडकलेला आणि बँकेचे दिवे विझलेले. बटण दाबलं की चालू, थोड्या वेळानं परत बंद. दौंडपर्यंत नुसतं बटण दाबत बसलो.

घरी आल्यावर बँक आणि बँडच्या मध्ये यूएसबी मीटर लावून पाहिलं. बँड सुरुवातीला ११० मिलिअँपिअर घेत होता. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट आपोआप कमी होतो; तो ४०च्या आसपास उतरला आणि अर्ध्या मिनिटात बँक बंद. बँकेतला सेल साधारण ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्ट द्यायचे म्हणून आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. काही जोडलेलं नसलं तरी ते थोडी वीज खातंच. पिशवीत ते चालू राहिलं तर बँक फुकट रिकामी होईल. म्हणून चिप बाहेर जाणाऱ्या करंटवर नजर ठेवते. स्वस्त बँकांत सर्रास दिसणारी आयपी५३०६ चिप ४५ मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट ३२ सेकंद दिसला की बंद होते. दुसऱ्या चिपची मर्यादा वेगळी असेल, पण तऱ्हा हीच. बिचारीला वाटतं, फोन काढून घेतला. तुझी डबी जवळपास भरलेली असेल, तर तिचीही हीच गत पहिल्या मिनिटालाच होणार.

यावरचा उपाय म्हणजे लो-करंट मोड. बऱ्याच बँकांत बटण दोनदा पटापट दाबायचं, काहींत दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. दिव्याचा रंग बदलतो किंवा एखादा दिवा वेगळाच लुकलुकतो. मग चिप कमी करंटवरही पुरवठा सोडत नाही. काम झालं की मोड आठवणीनं बंद कर. काही बँका दोनेक तासांनी स्वतःच बाहेर पडतात, पण सगळ्या नाही, आणि विसरलास तर सकाळी बँक उतरलेली सापडेल. माझं एकदा झालंय, तेही ऐन उन्हाळ्यात लाईट गेलेली असताना.

मोड नसेल, तर दुसऱ्या पोर्टला फोन किंवा छोटा यूएसबी दिवा लावून बघ. दोन्ही पोर्टांचा एकत्र करंट मोजणाऱ्या बँकेत हे चालतं. प्रत्येक पोर्ट वेगळा मोजणारीत नाही.

आधी माहितीपत्रकात बघ, बटण कसं दाबायचं ते. मोडही नाही आणि दिव्याची युक्तीही लागू पडत नाही असं दिसलं, तरच नव्या पेठेत परत जा. आईला नमस्कार सांग. शेंगा चटणी पाठवतोय, या वेळी तिखट कमी आहे.

तुझा,
बाळ्या