खात्यातून गेलेली फी आणि पोर्टलवरची बाकी

लीड्स,
३० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

२३ तारखेला बाबांच्या खात्यातून ६,५०० पौंडांचा फीचा हप्ता वजा झाला, तरी विद्यापीठाच्या पोर्टलवर तो अजून ‘Unpaid’ असाच दिसतो आहे. मी आज इथल्या लेखा विभागाला ईमेल पाठवली. ती कोणत्या विचाराने लिहिली आणि तिला जोड म्हणून बँकेतून कोणता कागद आणावा लागेल, हे फोनवर तुटक सांगण्यापेक्षा लिहून कळवते.

पासबुकातल्या नोंदीवरून पैसे आपल्या बँकेतून निघाले एवढेच सिद्ध होते. पुढे ते बहुधा मधल्या एखाद्या बँकेमार्फत विद्यापीठाच्या खात्यात येतात, आणि तिथे जमा झाल्यावरही ती रक्कम कोणत्या विद्यार्थ्याची हे जुळल्याखेरीज पोर्टलवरची बाकी हलत नाही. म्हणजे पैसे अजून वाटेत असतील, किंवा पोहोचूनही नाव न लागलेल्या जमेत पडून असतील. आठवडा उलटला असल्यामुळे मला दुसरी शक्यता अधिक वाटते. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचे नाव आहे, संदर्भाच्या ओळीत केवळ ‘EDUCATION FEES’ एवढेच आले आहे आणि माझा विद्यार्थी क्रमांक कुठेच नाही. शिवाय शुल्काच्या रकान्यात ‘SHA’ आहे, म्हणजे मधल्या बँकेने आपले शुल्क रकमेतूनच कापून घेतले असू शकते. मग इथे पूर्ण ६,५०० न येता दहा-वीस पौंड कमी येतात आणि रक्कम जुळवून शोधणाऱ्यालाही ती सापडत नाही.

म्हणून ‘पैसे मिळाले का?’ एवढेच विचारण्यात अर्थ नव्हता. समोरचा माणूस माझ्या नावाने शोधेल आणि काही सापडले नाही असे कळवून मोकळा होईल. त्याला स्वतःच्या बँकेच्या उताऱ्यात जे दिसेल तेच मी ईमेलमध्ये दिले आहे. विषयाच्या ओळीत विद्यार्थी क्रमांक घातला आणि मजकूर साधारण असा लिहिला:

“माझ्या पहिल्या हप्त्याची रक्कम २३ सप्टेंबर रोजी भारतातून माझ्या वडिलांच्या खात्यातून पाठवली आहे. पाठवणाऱ्याचे नाव, त्यांच्या बँकेचे नाव आणि आपल्या खात्याचे शेवटचे चार अंक खाली दिले आहेत. मूळ रक्कम ६,५०० पौंड असून मधल्या बँकेच्या शुल्कामुळे आपल्याकडे ती थोडी कमी जमा झाली असू शकते. कृपया विद्यार्थ्याशी न जुळलेल्या जमा रकमांमध्ये ती शोधावी, सापडल्यास जमा झालेला नेमका आकडा आणि तारीख लेखी कळवावी, आणि तपास पूर्ण होईपर्यंत विलंब शुल्क लावू नये किंवा माझी नोंदणी थांबवू नये.”

जमा रक्कम कमी निघाली, तर तेवढाच फरक मी इथल्या कार्डाने लगेच भरीन.

आता बाबांचे काम. शाखेत जाऊन या रकमेची MT103 प्रत मागावी. A2 फॉर्मची प्रत किंवा खात्याचा उतारा पुढे केल्यास घेऊ नये, कारण A2 हा आपण बँकेला दिलेला अर्ज आहे, तर MT103 हा आपल्या बँकेने पुढच्या बँकेला पाठवलेला संदेश. त्यावर UETR नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो आणि तो वाटेतल्या सगळ्या बँकांत तोच राहतो, त्यामुळे रकमेचा माग त्यावरून काढता येतो. काउंटरवर हे नाव कोणाला माहीत नसेल, तर परकीय चलन विभागाकडे विचारावे. त्याच वेळी रक्कम लाभार्थीच्या खात्यात जमा झाल्याचे त्यांच्या प्रणालीत दिसते का, हेही विचारावे. जमा दिसत असेल, तर पुढचा शोध विद्यापीठाने घ्यायचा. दिसत नसेल, तर रक्कम कुठे अडकली आहे याची लेखी विचारणा आपल्या बँकेनेच पुढच्या बँकेकडे करायला हवी, कारण ते इथून मला करता येत नाही. लाभार्थीचा IBAN, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मी पाठवलेल्या विद्यापीठाच्या सूचनापत्राशी एकेक अंक ताडून पाहावा. तो GB ने सुरू होतो आणि २२ चिन्हांचा असतो.

हे उद्याच करावे, कारण गुरुवारी २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी असल्याने बँक बंद राहील. मिळालेली प्रत फोटो काढून न पाठवता पीडीएफ करून पाठवा, फोटोत UETR मधला एखादा अंक पुसट झाला की शोध फसतो.

आई काळजीने म्हणाली तशी फी पुन्हा भरू नये. पहिली रक्कम नंतर सापडली, तर जादा पैसे परत मिळायला आठवडे जातात, आणि पौंडांचे रुपये होताना दराचा तोटा आपल्यालाच सोसावा लागतो. सुमारे पावणेआठ लाखांच्या रकमेवर तो लहान नसतो. ‘फी अडकली आहे, या नव्या खात्यात भरा’ असा फोन किंवा मेल तुम्हाला आला, तर उत्तर न देता मला कळवा. विद्यापीठाशी मी पोर्टलवरच्या पत्त्यावरूनच बोलते आहे.

MT103 हाती आली की त्याच ईमेलला उत्तर म्हणून ती जोडीन, नवी ईमेल लिहिणार नाही. नाहीतर दोन तक्रारी दोन माणसांकडे जातील.

आपली कन्या