मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस: सात लाख मला मिळाले कुठे?

सप्रेम नमस्कार,

परवा दुपारी साडेचारला दुय्यम निबंधक कार्यालयातून आम्ही दस्त न नोंदवताच परतलो. सर्व्हर बंद होता. विकणारे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सहीसाठी ते रात्रभर प्रवास करून नागपूरहून पुण्याला आले होते. सकाळी दहाचे टोकन होते, दोन साक्षीदार रजा टाकून आले होते, माहिती आदल्या दिवशीच ऑनलाइन भरलेली होती. फोटो आणि अंगठा तेवढा राहिला होता. "उद्या या" असे आम्हाला सांगण्यात आले. काकांचे परतीचे तिकीट त्याच रात्रीचे होते.

मुद्रांक शुल्क मात्र तीन दिवस आधीच शासनाच्या ग्रास संकेतस्थळावर चलन काढून भरले होते. शासनाकडे पैसे लगेच पोचतात, घर आमच्या नावावर व्हायला सर्व्हरची वाट पाहावी लागते.

खरी जखम निराळी आहे. हा फ्लॅट मी ६० लाखांना घेतला. मागे नाला आहे, उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून किंमत पडली. पण तुमच्या रेडी रेकनरला, म्हणजे शासनाच्या जागांच्या दरपत्रकाला, नाला दिसत नाही. एका मूल्य विभागाला एक दर, मग हमरस्त्यावरची इमारत असो की आमची गल्ली. त्या दराने माझ्या फ्लॅटचे मूल्य ६७ लाख निघाले. प्रत्यक्ष किंमत आणि रेकनर यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर शुल्क, असा नियम आहे. पुण्यात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के: मूळ ५, स्थानिक संस्थेचा १, मेट्रोचा १. म्हणजे ४,२०,००० ऐवजी ४,६९,००० भरले. वर नोंदणी फी ३०,०००, तिला निदान कमाल मर्यादा तरी आहे.

आता म्हणाल, ४९ हजारांसाठी एवढे पत्र? साहेब, पुढचे ऐका. रेकनरमधले मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर मधला सगळा फरक आयकर खाते खरेदीदाराचे उत्पन्न धरते. माझ्यासाठी ही मर्यादा सहा लाख होती. फरक सातचा निघाला, म्हणून वरचा एक नाही, पुरते सात लाख माझ्या उत्पन्नात धरले जाणार. २० टक्के दराने हिशेब केला तर कर १,४०,००० होतो. हे सात लाख मला कोणी दिले? कोणत्या खात्यात आले? मी पगारदार माणूस आहे, दहा वर्षे साठवलेले पैसे आणि वीस वर्षांचे कर्ज एवढीच माझी मिळकत.

आयकर केंद्राचा, हे मला ठाऊक आहे. पण तो ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा तुमच्या खात्याचा आहे.

"दर मान्य नसेल तर अभिनिर्णयासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा," असे कार्यालयात सांगितले. वाट कागदावर आहे. पण निकालाला किती महिने, ते कोणी सांगेना, आणि बँकेचे मंजुरीपत्र व काकांची मुदत थांबणार नव्हती. घाई असलेला माणूस रेकनरचा आकडा मान्य करूनच बाहेर पडतो. नंतर त्याच आकड्यांना बाजारभाव म्हणायचे, हा कुठला न्याय?

पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतले असते तर महिलांची १ टक्का सवलत मिळून ६७,००० वाचले असते. पण कर्ज माझ्या पगारावर, त्यामुळे बँकेने माझे नाव मालकीत मागितले. दोघांचे नाव आले की सवलत पूर्ण जाते, अर्धीही उरत नाही. बाई निम्मी मालकीण असली तर ती बाई नव्हे काय?

कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, शासनाने शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते. म्हणजे मनात आले की करता येते. बिल्डरांच्या पहिल्या विक्रीला ई-नोंदणीची सोयही केलीत. जुना फ्लॅट घेणाऱ्यालाच तेवढे टोकन, साक्षीदार आणि रांग. आम्ही कोणाचे नाही, असेच वाटू लागले आहे.

माझ्या मागण्या दोनच. दर ठरवताना विभागाच्या आत नाला, रस्ता, पाणी यांचा फरक धरा. अभिनिर्णयाला तीस दिवसांची मुदत घाला आणि ती पाळली नाही तर खरेदीची किंमतच मान्य धरा.

पुढच्या गुरुवारचे टोकन पुन्हा घेतले आहे. काकांचे नागपूरहून येण्याजाण्याचे तिकीट मी काढले. तेवढ्या दिवशी सर्व्हर चालू ठेवा.

आपला,
पुण्यातील एक खरेदीदार