कमी हप्त्याच्या गाडीबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शोरूमच्या कोटेशनचा फोटो पाहिला. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्के व्याज आणि हप्ता फक्त १३,६६० रुपये. साध्या कर्जाचा हप्ता १६,८०० येतो. महिन्याचे तीन हजार वाचतात ते शेवटच्या ओळीमुळे: साठाव्या महिन्यात हप्त्याबरोबर २,४०,००० रुपये एकरकमी.

हे दोन लाख चाळीस हजार पाच वर्षं फिटतच नाहीत, त्यांच्यावर व्याज मात्र दर महिन्याला लागतं. त्यामुळे एकूण व्याज साध्या कर्जापेक्षा साधारण ५२,००० रुपये जास्त जातं. चार वर्षं हप्ते भरल्यावरही साध्या कर्जात १ लाख ९२ हजार शिल्लक राहतील, ह्यात ३ लाख ७४ हजार. मध्येच गाडी विकायची वेळ आली तर आधी एवढे बँकेला द्यावे लागतील.

“पाच वर्षांनी आम्हीच गाडी परत घेऊ,” असं सेल्समन म्हणाला ना? मला खरी काळजी त्याचीच आहे. बायबॅकचं वचन डीलरचं आणि कर्ज बँकेचं, हे दोन वेगळे करार आहेत. डीलरने किंमत पाडली तरी बँकेचे २,४०,००० तुम्हालाच भरायचे आहेत. आणि त्या वचनाला अटी असतात: वर्षाला ठरावीक किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरमध्ये, मोठा अपघात झालेला नको. काही ठिकाणी तर त्यांचीच नवी गाडी घेतली तरच पूर्ण रक्कम. किलोमीटरची मर्यादा १५,००० असेल तर पाच वर्षांत ७५,०००. तुमचं शेतावर जाणं-येणं आणि पुण्याच्या फेऱ्या धरल्या तर ९०,००० सहज होतील. वरच्या प्रत्येक किलोमीटरला पाच रुपये कापले, तरी ७५,००० गेले.

साठाव्या महिन्यात हाताशी पैसे नसले तर त्या २,४०,००० साठी पुन्हा कर्ज घ्यावं लागेल, तेही जुन्या गाडीवरचं, म्हणजे बहुधा जास्त व्याजाने. बाबा, तेव्हा तुम्ही बहात्तरचे असाल. पेन्शनवर नवं कर्ज काढायला मी तुम्हाला लावणार नाही.

ह्याच १३,६६० च्या हप्त्यात साडेसहा लाखांचं साधं कर्ज पूर्ण फिटतं. मग दीड लाख डाउन पेमेंट वाढवूया, ते मी देते. नाहीतर खालचं मॉडेल घ्या. आई, तुला मागे बसायला त्यातही पुरेशी जागा आहे, मी पाहिलंय.

तरी हीच योजना हवी असेल तर बँकेकडून ‘मुख्य तथ्य विवरण’ आणि हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक मागा. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते विवरण देणं बंधनकारक केलंय. त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर असतो. बायबॅकच्या अटी डीलरच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट घ्या. व्हॉट्सॲपवरचा मेसेज चालणार नाही.

मी शनिवारी येते. तोवर टोकनही देऊ नका.

तुमची,
मनू