जिन्यालगतच्या डक्टमध्ये फायर अलार्मची केबल वेगळी नेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय : जुन्या ट्रंकिंगमध्ये कॅमेऱ्याच्या व फायर अलार्मच्या नव्या केबल टाकण्यास हरकत

महोदय,

नव्या केबल जिन्यालगतच्या डक्टमधल्या जुन्या ट्रंकिंगमधूनच न्यायच्या, असं गेल्या बैठकीत ठरलं. "निम्मी जागाही भरत नाही," असं ठेकेदाराने सांगितलं म्हणून कोणी हरकत घेतली नाही, मीही नाही. नंतर त्याचा हिशोबाचा कागद पाहिला आणि रविवारी तिसऱ्या मजल्यावरचं झाकण उघडून व्हर्नियरने केबल मोजल्या. माझी नोकरी वायरिंगच्या सुपरव्हिजनमध्येच गेली, त्यामुळे राहवलं नाही.

कागदावर ट्रंकिंग पाच टक्के भरतं. कारण ठेकेदाराने केबलवर छापलेले चौरस मिलिमीटर धरलेत. तो आकडा आतल्या तांब्याचा असतो. ट्रंकिंगमध्ये जागा अडते ती इन्सुलेशन आणि वरच्या आवरणासकट अख्ख्या केबलची, म्हणून बाहेरचा व्यास मोजून क्षेत्रफळ काढावं लागतं.

ट्रंकिंग आतून 100 × 50 मिमी, म्हणजे 5000 चौरस मिमी. त्यात आज 12 मिमी व्यासाच्या आठ आणि 18 मिमीच्या तीन पॉवर केबल आहेत. 12 मिमीची एक केबल 113 चौरस मिमी जागा घेते, 18 मिमीची 254. एकूण 1668, म्हणजे 33 टक्के. कॅमेऱ्यांच्या 6 मिमीच्या बारा डेटा केबल 339 घेतील, फायर अलार्मच्या 9 मिमीच्या चार 254. बेरीज 2261, म्हणजे 45.2 टक्के. ट्रंकिंगसाठी 45 टक्क्यांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. गोल केबलमधल्या फटी आणि वळणावर ओढताना लागणारी मोकळीक त्यात धरलेली असते. मर्यादा इथेच संपली. पण केवळ त्या 0.2 टक्क्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

खरी अडचण तिन्ही प्रकार एकत्र कोंबण्याची आहे. डेटा केबलचं इन्सुलेशन 230 व्होल्टसाठी नसतं. शेजारच्या पॉवर केबलची साल खरवडली गेली तर तो व्होल्टेज थेट कॅमेऱ्यांच्या स्विचपर्यंत जाऊ शकतो. फायर अलार्मची केबल तर आग लागल्यावर काम करण्यासाठीच असते. पॉवर केबलच्या जुडग्यात ती बांधली आणि आग त्या जुडग्यातच लागली, तर सायरन वाजायच्या आधी तीच जळेल. तिसऱ्या मजल्यावर नमुना म्हणून ओढलेली लाल केबल मी पाहिली. वळणावर ती दोन जाड काळ्या केबलखाली दबून चपटी झाली आहे आणि प्लास्टिकच्या टायने त्यांनाच बांधली आहे. झाकण एका बाजूने बसतच नाही, स्क्रूऐवजी चिकटपट्टी लावली आहे.

ट्रंकिंगमध्ये पत्र्याचे पडदे टाकून तीन कप्पे करू, असं ठेकेदार म्हणेल. पण मग 45 टक्के प्रत्येक कप्प्याला वेगळे लावावे लागतात. पॉवरला 1668 भागिले 0.45, म्हणजे 3707 चौरस मिमी लागतात. 50 मिमी उंचीत ती 74 मिमी रुंदी झाली. डेटाला तसेच 15 मिमी, फायर अलार्मला 11. शंभर मिमी इथेच संपले, पडद्यांच्या जाडीलाही जागा उरली नाही. आणि 11 मिमीच्या फटीतून 9 मिमीची केबल वळवून दाखवा म्हणावं.

माझी विनंती अशी : जुनं ट्रंकिंग फक्त पॉवरला ठेवावं. डेटासाठी डक्टच्या समोरच्या भिंतीवर 50 × 50 चं वेगळं ट्रंकिंग बसवावं. आतून तेवढीच जागा मिळाली तर ते 14 टक्केही भरणार नाही, पुढे कॅमेरे वाढले तरी चालेल. फायर अलार्मची केबल आगीत टिकणाऱ्या जातीची घेऊन, कोणाच्याही सोबतीशिवाय, लोखंडी सॅडलने भिंतीला बांधावी. प्लास्टिकच्या सॅडल आणि टाय उष्णतेने वितळतात, मग केबल लोंबकळते आणि तुटते. नवी भोकं पाडली की प्रत्येक स्लॅबपाशी ती आगरोधक मसाल्याने बुजवूनही घ्यावीत, नाहीतर डक्टचं धुराडं होतं.

एक गोष्ट माझ्या हिशोबात नाही. टक्केवारी जागा सांगते, गरमी नाही. अकरा पॉवर केबल बंद पेटीत चिकटून असतील आणि सगळ्यांवर एकाच वेळी लोड असेल, तर प्रत्येकीची करंट वाहण्याची क्षमता साधारण निम्म्यावर येते. म्हणून संध्याकाळी लोड असताना क्लॅम्प मीटरने प्रत्येक केबलचा करंट मोजून घ्यावा आणि तो तिच्या एमसीबीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी व्हर्नियर घेऊन तिसऱ्या मजल्यावर असेन. ठेकेदाराला पाठवावं. तोवर चौथ्या मजल्याचं काम थांबवावं आणि ती चपटी झालेली लाल केबल जोड न देता पूर्ण बदलून घ्यावी.

आपला,
एक सभासद, सहावा मजला