माननीय माहिती व प्रसारण मंत्री यांना खुले पत्र: २२ मे सापडत नसेल, तर २१ जून शोधा

मा. मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाकडून माझ्या थोरल्या भावाला गेल्या आठवड्यात उत्तर आलं. 'दि. २२ मे १९९१ रोजी आपण नमूद केलेला कार्यक्रम प्रसारित झाल्याची नोंद आढळत नाही.' खाली सही, शिक्का, विषय संपला. कार्यालयाचं नाव मी इथं घेत नाही. मात्र याच लोकांनी फोनवर 'महिनाभरात दाखला देतो, काळजी करू नका' असा शब्द दिला होता. त्या शब्दावर दादा पावसाळाभर पोस्टमनची वाट बघत बसला.

दादा भजनी कलाकार. सकाळच्या भक्तिसंगीताच्या कार्यक्रमात त्यानं दूरदर्शनवर दोन अभंग गायले होते. ज्येष्ठ कलाकारांना राज्य सरकार महिना ५,००० रुपये मानधन देतं, त्याच्या अर्जाला प्रसारणाचा पुरावा जोडायचा आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला उतारवयात आपण गायलो होतो हे सिद्ध करावं लागतंय. असो, नियम आहे, मान्य.

आता २२ मेची गोष्ट. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं 'आजचे दूरदर्शन' हे कात्रण दादाकडे आहे आणि त्यात सकाळी 'भक्तिसंगीत' छापलंय. तुमच्या माणसांनी तेवढीच तारीख उचलली. अहो, २१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. देशात सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, मतदानाचे उरलेले टप्पे जूनवर गेले. अशा सकाळी ठरलेले कार्यक्रम लागतात होय? पेपरातली यादी आधीच्या आठवड्यात आलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून जुळवलेली असते. ती काय ठरलं होतं ते सांगते, काय दिसलं ते नाही. हे आमच्या शिवाजी पेठेतला पानवालाही सांगेल. म्हणूनच आम्ही माहिती अधिकाराच्या अर्जात मे आणि जून अशा दोन्ही महिन्यांच्या प्रसारण नोंदवह्या मागितल्या होत्या. उत्तर आलं एका तारखेचं. बाकीचे साठ दिवस कुणी बघितले?

ते दिवस आम्हीच बघितले. करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत, भाचा तिथं बसून पानं उलटत होता. जून महिन्यात 'भक्तिसंगीत' बऱ्याच सकाळी छापलंय, पण कलाकाराचं नाव एकदाही नाही. पेपरात जागाच तेवढी असायची. म्हणजे फायलींनी दिवस कमी केले, नेमका दिवस दिला नाही.

तो दिला शेजारच्या काकूंच्या व्हीएचएस कॅसेटनं. त्यांच्या मुलाकडे तेव्हा व्हीसीआर होता. कॅसेट माळ्यावर पडून होती आणि कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर मशीनचं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. म्हणून ती आधी जाणकाराकडून साफ करून घेतली, पुसली जाऊ नये म्हणून मागची प्लास्टिकची पट्टी मोडली आणि पहिल्याच फेरीला संगणकावर प्रत काढली.

त्या टेपवर निवेदिका दादाचं नाव घेते, दोन अभंग होतात, मग योगासनांचा छोटा भाग, आणि त्याला लागून दिल्लीहून बातम्या. बातम्यांत वृत्तनिवेदक सांगतो की पी. व्ही. नरसिंह राव आज पंतप्रधानपदाची शपथ घेणार आहेत. शपथ झाली २१ जून १९९१ ला, शुक्रवारी. अभंगापासून बातम्यांपर्यंत चित्र कुठंही तुटत नाही. मधे रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं असतं तर त्या जागी चित्र फाटतं, रेघा येतात, आवाज हेलकावतो. तसं काहीच नाही. शिवाय बातम्या दिल्लीच्या, म्हणजे इथल्या दूरदर्शन केंद्राच्या नोंदवहीवर अवलंबून नसलेला पुरावा. आता त्या दिवशीची तुमची नोंदवही आणि दादाला मानधन दिल्याची पावती एवढंच ताडून बघायचंय. तेही होत नाही.

गंमत बघा, पुढं त्याच २१ जूनला तुम्ही जागतिक योग दिन करायला लागलात. मैदानं, चटया, थेट प्रक्षेपण, सगळं झकास. पण १९९१ च्या त्याच तारखेला आसनं कोण करून दाखवत होतं, हे तुमच्या दप्तराला सांगता येत नाही! टेपवर करून दाखवणारा एक आणि सूचना देणारा आवाज दुसऱ्याचा, शेवटची नामावली अर्ध्यात कापलेली. मानधनाच्या अर्जाच्या नमुन्यात मात्र 'सादरकर्त्याचे नाव' असा एकच रकाना.

नोंद नसली की लोक आठवणीतलं मोठं नाव चिकटवतात. जुना योग म्हटलं की धीरेंद्र ब्रह्मचारी. त्यांचा कार्यक्रम दिल्लीचा, दूरदर्शनवरचा, ते १९९४ ला विमान अपघातात गेले. परवा एकानं मला छातीठोकपणे सांगितलं, 'मी १९९१ ला रामदेवबाबांना सकाळी टीव्हीवर बघितलंय.' आस्था वाहिनीच मुळी २००० सालची, बाबांचा सकाळचा योग त्यानंतरचा. इतकं सोपं ताडून बघता येतं, पण ताडायला काहीतरी जपलेलं लागतं ना? आणि यूट्यूबवर टाकलेल्या चित्रफितीखालची तारीख ही टाकल्याची असते, दाखवल्याची नव्हे, हेही तुमच्या फोनवरच्या साहेबांना मलाच सांगावं लागलं.

टेपा महाग म्हणून एकावर दुसरं रेकॉर्ड करायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. कोण म्हणतं निम्मं पुसलं, कोण म्हणतं बारा आणे गेलं, खरा आकडा तुम्हीच जाहीर करा. पण कागद कुठं गेले? टेप पुसली म्हणून नोंदवही पुसली जात नाही. खासगी वाहिन्यांना तर तुमचा नियमच दाखवलेलं ९० दिवस जपायला सांगतो. एक्याण्णवाव्या दिवशी कीर्तनकार, निवेदिका, योगशिक्षक सगळे गायब. आज पहाटे अंबाबाईच्या देवळाजवळच्या घराघरांत जे लागलेलं असतं, त्याचा दाखला तीस वर्षांनी कुणी मागितला तर? तेव्हाही 'आढळत नाही' छापून तयार असेल. या देशात वीजबिलाची थकबाकी वीस वर्षांनीही बरोबर सापडते हो, कलाकाराची नोंद तेवढी सापडत नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं, दप्तराची सूची करून ठेवा. कलम २(ञ) प्रमाणे आम्हाला दप्तर डोळ्यांनी बघता येतं. तेव्हा आमची मागणी छोटी आहे. जूनची नोंदवही आमच्यासमोर उघडा. ती नष्ट केली असेल, तर कोणत्या आदेशानं आणि कधी, तो कागद द्या. 'आढळत नाही' हे उत्तर आम्ही घेणार नाही, तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाकतोय.

टेपची प्रत सोबत पाठवली आहे. मूळ कॅसेट मागू नका, ती मिळणार नाही. तुमच्याकडे दिलेल्या वस्तूंचं काय होतं, ते आम्ही बघितलंय.

आपला,
एका भजनी कलाकाराचा धाकटा भाऊ
शिवाजी पेठ, कोल्हापूर