फोनवाले की गुप्तहेर?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. काल सकाळी चहाबरोबर तुमचं परदेशाचं पान वाचलं आणि चहा गार झाला. "इराणच्या गुप्तहेर खात्याने इंटरनेटचे दर वाढवले" असं तुम्ही छापलंय! तुमच्या डेस्कवर एकालाही वाटलं नाही का, की गुप्तहेर खातं कशाला लोकांना डेटा पॅक विकत बसेल?

मूळ शब्द 'मुखाबरात' असणार, मी पैजेवर सांगते. फारसीत त्याचा उच्चार मोखाबेरात आणि अर्थ साधा, टेलिफोन-टेलिकॉम. घरी फोनची लाइन घ्यायची तर इराणी माणूस मोखाबेरातच्या ऑफिसात जातो. अरबीत अक्षरं तीच, एकही इकडची तिकडे नाही, आणि अर्थ मात्र हेरखातं. कैरोत किंवा बगदादमध्ये हा शब्द लोक आवाज खाली करून उच्चारतात. दोन्हींच्या मुळाशी आपला 'खबर' आहे. इराण्यांनी त्यातून खबर पोचवणं घेतलं आणि अरबांनी खबर काढणं, एवढंच. इराणी हेरखात्याच्या नावात शब्द असतो एत्तेलाआत, म्हणजे माहिती, आणि १९२६ साली तेहरानात सुरू झालेल्या एका दैनिकाचं नावही तेच आहे. तुमच्या हिशोबाने तेही हेरांचं मुखपत्र ठरायचं. बातमी बहुतेक फारसीतून अरबीत, तिथून इंग्रजीत आणि मग तुमच्याकडे आली असणार, त्यात कुठेतरी कोणीतरी "अरे हा शब्द तर मला येतो" म्हणून डिक्शनरी उघडली नाही.

आता मी एवढी का चिडले ते सांगते, कारण हा खड्डा मी स्वतः पडून बघितलाय. नऊ वर्षं शारजात एका ट्रेडिंग ऑफिसात कागदपत्रांचं काम केलं, फारसी आधी पुण्यात शिकले होते, अरबी तिकडे जाऊन. सुरुवातीच्या दिवसांत एक करार आला, इराणी पार्टी डांबराचे ड्रम विकणार होती आणि घेणारी पार्टी अरब, मला फारसी मसुद्याचं अरबी करायचं होतं. त्यात एक कलम होतं, घेणाऱ्याने माल उचलायला उशीर केला तर 'जरीमे-ये ताखीर', रोज अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के. फारसीत जरीमे म्हणजे दंड, हिंदीतला जुर्माना त्याच कुळातला. मी काय केलं, तर शब्द अरबी वळणाचा दिसतोय म्हणून जसाच्या तसा उचलला, फारसीत शेवटचा 'हे' बिनटिंबाचा असतो त्यावर दोन टिंबं दिली, की झाला अरबी! स्पेलचेकनेही लाल रेघ मारली नाही, मारेल कशाला, शब्द अरबीत आहेच की. फक्त अरबीत जरीमा म्हणजे गुन्हा. दंडाला तिथे 'गरामा' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्या अरब पार्टीच्या वकिलांचा फोन, वयस्कर जॉर्डनी गृहस्थ, फार शांत आवाजात म्हणाले, "उख्ती, बोट दोन दिवस लेट झाली तर आम्ही पैसे भरायचे की तुरुंगात जायचं?" उख्ती म्हणजे ताई. मला आधी कळेचना. मग त्यांनीच ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं, "उशिराचा गुन्हा, रोज अर्धा टक्का", आणि हसले. मला मात्र धरणी दुभंगावी असं झालं. खरं तर ते टक्के बघूनच मला कळायला हवं होतं, गुन्ह्याला कुठे रोजचा रेट असतो? खरा गुन्हा असता तर आजूबाजूला कोर्ट, पोलीस, शिक्षा असलं काहीतरी असतं. शब्दाचे शेजारी बघायचे, ही अक्कल मला त्या फोनने आली.

त्या रात्री अख्खा करार परत चाळला तर आणखी एक सापडलं. ड्रम कारखान्यातून बंदर अब्बासला ट्रकने जाणार, वाटेत 'तसादोफ' झाला तर जबाबदारी विकणाऱ्याची. फारसीत तसादोफ म्हणजे गाड्यांचा अपघात. अरबीत तसादुफ म्हणजे योगायोग. म्हणजे मी लिहून ठेवलं होतं की ट्रकच्या योगायोगाची जबाबदारी विकणारा घेईल. ते वकिलांनी वाचलं होतं की सोडून दिलं होतं कोण जाणे, मी गुपचूप 'हादिस' केलं आणि नवी कॉपी पाठवली.

पण हे दोन्ही पकडले जातात, कारण वाक्य वेडगळ होतं. भीती त्यांची वाटते जे चूक असूनही शहाण्यासारखे दिसतात. अरबीत 'इस्तिस्मार' म्हणजे गुंतवणूक, रोजच्या बिझनेस पानावरचा शब्द. फारसीत तेच अक्षर न् अक्षर 'एस्तेस्मार' म्हणजे शोषण, पिळवणूक, गुंतवणुकीला ते सरमायेगोजारी म्हणतात. आता अरबी पेपरातलं "परदेशी गुंतवणूक वाढली" कोणी घाईत फारसी समजून वाचलं तर होईल "परदेशी पिळवणूक वाढली", आणि गंमत म्हणजे वाचणारा मान डोलावेल, की हो, वाढलीच असणार! तुमच्या बातमीचंही तेच झालंय. इराण म्हटलं की हेर असणारच, हे आपण आधीच धरून चालतो, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. हेच नॉर्वेबद्दल आलं असतं तर तुम्ही दोनदा तपासलं असतं.

आणि त्याच पानावर खाली जी चौकट टाकलीय "अरबी-फारसी, दोन सख्ख्या बहिणी", ती कोणी लिहिली? फारसी ही आपल्या मराठीच्या नात्यातली, लांबची चुलत म्हणा हवं तर, आणि अरबी वेगळ्याच घराण्यातली, हिब्रूच्या. शेकडो वर्षं शेजारी राहून, लिपी घेऊन, हजारो शब्द उसने घेऊन बहीण होत नाही हो. आणि उसनं घेतलेलं भांडं माणूस आपल्या घरी आपल्या पद्धतीने वापरतो. विजेचंच बघा, इराण्यांनी विजेला नाव दिलं 'बर्क', हा अरबी शब्द, अरबीत अर्थ आकाशात कडाडणारी वीज. आणि अरबांनी विजेला नाव दिलं 'कहरबा', जो मूळ फारसी, कहरोबा, गवताची काडी ओढून घेणारा, म्हणजे अंबरचा खडा. दोघांनी एकमेकांच्या घरातून शब्द नेला आणि बिलावर छापला! शारजात पहिल्यांदा खोकल्याच्या बाटलीवर 'शराब' वाचून मीच दचकले होते, अरबीत ते साधं सिरप आहे. इराणी माणूसही दचकला असता, त्याच्याकडे शराब म्हणजे आपली ती शराबच.

जाता जाता, मार्चमध्ये मी पाठवलेलं पत्र तुम्ही अर्धं कापून छापलंत आणि कापताना नेमका 'नाही' गेला, म्हणजे मी ज्याच्या विरुद्ध लिहिलं होतं त्याच्या बाजूने माझं नाव छापून आलं. बिल्डिंगमधले लोक अजून विचारतात. हे पत्र कापायचं असेल तर छापूच नका, चालेल मला.

दुरुस्तीही आतल्या पानावर राशिभविष्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात नको. आणि ऑनलाइन ती बातमी आज दुपारी तीनला पाहिली, गुप्तहेर अजून दर वाढवतायत.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे