गुरुवारच्या आधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि हेल्मेट जिन्यातच डोक्यात घातलंस. तुझ्या वाटची आमटी आईने रात्री मला वाढली, एक शब्द न बोलता. तेव्हा हे पत्र थोडं तिच्या धाकानेही आहे. व्हॉट्सॲपवर मला तीन ओळींपुढे सुचत नाही आणि फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे.

‘केदार कोण, कुठला’ असं मी विचारलं ते चुकलंच. त्याचं गाव, घर, आडनाव याच्याशी मला काही देणंघेणं नाही. विचारायचं होतं ते असं, की तुम्ही दोघांनी मिळून आजवर काय पुरं केलंय? तीन आठवड्यांची ओळख, बाणेरच्या त्या कॅफेत चार भेटी, आणि गुरुवारी सीएकडे निम्मे निम्मे शेअर लिहून सह्या. नोकरी सोडलीस त्यावर मी एक अक्षर बोललो नाही, बघ. मी सहीबद्दल बोलतोय.

‘त्या’चं नाव आपल्या घरात निघत नाही, इथेही काढत नाही. भोसरीत पहिला गाळा घेतला तेव्हा आम्ही एकमेकांना बावीस वर्षं ओळखत होतो. एका बाकावर बसलो, एका मंडळात ढोल वाजवला, त्याच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. पण मिळून काम असं एकही केलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की हा माणूस दोन दिवस गाळ्यावर फिरकत नाही, हे मला ढोल वाजवताना कसं कळणार? कळलं तेव्हा फर्मच्या नावावर सहा लाखांचं कर्ज होतं. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला भागीदार एकत्रही जबाबदार असतात आणि एकेकटेही. बँकेने निम्मं त्याच्याकडे, निम्मं माझ्याकडे असा हिशेब मांडलाच नाही, जो सापडला त्याला धरलं. सापडलो मी. आईच्या पाटल्यांचं तुला ठाऊक आहे. अण्णा त्याच वर्षी गेले.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तिथे असं नसतं, हे तू म्हणशील आणि ते बरोबर आहे. पण लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागते. तीही सहीच.

बापूकाका मला कसे मिळाले हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तू त्यांना कळायला लागल्यापासून बघतेस म्हणून तुला वाटतं, ते होतेच. ते नव्हते. १९९९ मध्ये मी एक निळी डायरी घातली आणि चौदा महिन्यांत सव्वीस माणसांना भेटलो. कुणाला स्टीलच्या दुकानात, कुणाला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे आपला माल निघायची वाट बघताना. कुणालाही ‘भागीदार होता का’ असं विचारलं नाही, कारण त्यावर माणूस आपली चांगली बाजूच दाखवतो. मी म्हणायचो, हल्ली केलेलं एखादं काम दाखवा, त्यात काय बिघडलं ते सांगा. निम्मे जण म्हणाले, काही बिघडलं नाही. डायरीत त्यांच्यापुढे फुली आहे. पहिल्या सात-आठ जणांपर्यंत मला प्रत्येक जण बराच वाटत होता. पंधरावा भेटला तेव्हा पहिल्या सातांत काय कमी होतं ते दिसायला लागलं.

सव्वीसांतल्या पाच जणांबरोबर एकेक छोटं काम घेतलं. तारीख ठरलेली, पैसे ठरलेले, आणि काम संपलं की कुणी कुणाचं देणं लागत नाही. एकाने तारीख पाळली, पण हिशेबाची चिठ्ठी तीनदा मागावी लागली. दुसऱ्याचं काम अप्रतिम होतं. फक्त मी काही सुचवलं की त्याचा चेहरा पडायचा. हा काही दोष नाही, पण रोज दहा तास ते मला झेपलं नसतं.

बापूंबरोबरचं काम होतं चाळीस ड्रिल जिगांचं. बारा जिगांत बुशिंगचं भोक तीन शतांश मिलिमीटरने मोठं झालं. रीमर वाकलेला होता, आणि तो मी दिलेला होता. संध्याकाळचे सहा वाजले होते, टेम्पो दारात उभा. भोक इतकं मोठं झालं की बुश हाताने आत जातो, ठोकावा लागत नाही. चिकटवून दिला असता तर महिनाभर कुणाला कळलं नसतं. बापूंनी प्लग गेज पुसला, प्रत्येक जिगमध्ये घालून बघितला, बारा जिग खडूने खूण करून बाजूला काढले, आणि मला न विचारता गिऱ्हाइकाला फोन लावला: अठ्ठावीस आज येतात, बारा सोमवारी. रीमर कुणाचा हे फोनवर बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाले, ‘रीमर तुमचा होता, त्या बारांचं मटेरियल तुमच्याकडे.’ मला दोन्ही आवडलं. तरी मी सही केली नाही. आणखी तीन कामं केली, त्यात एकाचे पैसे बुडाले. तेव्हा आम्ही कसे वागतो ते दोघांनीही बघून घेतलं. मग कागद केला.

आता तुझं. तुझं ते यंत्र मला पटतं, हे रविवारी सांगायचं राहून गेलं. लहान शॉपमध्ये कॉम्प्रेसरची हवा कुठे कुठे गळते हे कुणी बघत नाही आणि वीजबिल मात्र सगळे भरतात. गॅलरीत आईच्या तुळशीशेजारी सोल्डरिंग करत बसायचीस तेव्हाच मला वाटलं होतं... असो. तुला मशीन कळतं. मालकाच्या केबिनबाहेर दोन तास बसून पैसे आणणारा माणूस तुला हवा आहे, आणि केदार तसा आहे असं तू म्हणतेस. मग ते कॅफेत कशाला तपासायचं?

एकच शॉप घ्या, चार आठवड्यांसाठी. रविवारी सगळी हत्यारं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि तो किती मिनिटं लोड घेतो, किती मिनिटं नुसता फिरतो ते मोजायचं. कुणी हवा वापरत नसताना लोडमध्ये गेलेला वेळ म्हणजे गळती. ते तू करशील. गळतीच्या जागांना चिठ्ठ्या बांधायच्या, मालकाकडून त्या दुरुस्त करून घ्यायच्या, पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचं. मालकाला राजी करणं, दुरुस्तीचा पाठपुरावा आणि शेवटी चेक आणणं हे केदारचं. थोडे का होईनात, पैसे घ्यायचेच. फुकट कामात कुणी तक्रार करत नाही, आणि तक्रार आल्याशिवाय तुम्हाला एकमेकांचं काही दिसणार नाही. माझ्या शॉपमध्ये हे करू नका. मला नाही म्हणता येणार नाही आणि तुला पैसे मागता येणार नाहीत.

सुरू करण्याआधी एक पानभर लिहा: कोण काय करणार, आठवड्याला किती तास, खर्च कुणाचा, जमलं नाही तर कोड कुणाकडे राहणार. केदार अजून हिंजवडीत नोकरीला आहे ना? मग त्याने त्याचं नेमणूकपत्र वाचावं. नोकरीत असताना केलेलं काम कंपनीचं, असं बऱ्याच पत्रांत लिहिलेलं असतं. निदान कंपनीच्या लॅपटॉपवर तुमची एक ओळही नको.

आणि बघायचं काय, तर तो वाईट बातमी तुला कधी सांगतो. मालक नाही म्हणाला हे त्याच संध्याकाळी कळलं की तू विचारल्यावर चौथ्या दिवशी. तुझं रीडिंग चुकलं तर तो मालकासमोर काय बोलतो आणि बाहेर आल्यावर काय बोलतो. हे त्याच्यापुरतंच नाही. तू चिडलीस की गप्प बसतेस, माझ्यासारखी. त्यालाही ते चार आठवड्यांत दिसू दे, त्याचीही सही आहे.

व्याख्यान झालं. क्षमस्व. सहीबद्दल परत लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

पण निम्मे निम्मे का, हे तरी सांग. दोघांची मतं सारखी असली की बेबनावाच्या दिवशी साधा ठरावसुद्धा पुढे सरकत नाही. निम्मेच ठेवायचे असतील तर ठेवा, पण व्हेस्टिंग घाला. प्रथा चार वर्षांची आहे: वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काही नाही, वर्षाला चौथा हिस्सा पक्का, मग दर महिन्याला थोडा थोडा. नाहीतर तो आठव्या महिन्यात कॅनडाला जाईल आणि तुझ्या कंपनीचा निम्मा मालक तिथून फोन उचलणार नाही. सीए पंधरा मिनिटांत तयार कागद पुढे करेल, त्यात हे असेलच असं नाही. विचार त्याला.

चार आठवड्यांत सगळं कळतं असं मी म्हणत नाही. महिनाभर कुणीही शहाण्यासारखं वागतो. पगार नसलेलं दुसरं वर्ष कसं जाईल ते कुठल्याच छोट्या कामात दिसत नाही, बापूंचंही मला दिसलं नव्हतं. शिवाय तुझ्याकडे तुलनेला दुसरं कुणी नाही. केदारच्या आधी तू किती जणांना भेटलीस? तीन? मी सव्वीस म्हणत नाही. अजून दहा भेट. त्यानंतरही केदारच बरा वाटला तर बरंच झालं, आणि तो खरा असेल तर महिनाभर थांबेल. थांबायला तयार नसेल तर मला वाटतं... जाऊ दे, तुझं तू बघ.

भोसरीतल्या तीन शॉपमालकांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहेत. तिघेही पैसे द्यायला कटकट करतात, म्हणून निवडले. मी कुणालाही फोन केलेला नाही, सीएलाही नाही. आईला विचार हवं तर.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यात थालीपीठ आहे, लोणी वेगळ्या डबीत. निळी डायरी पिशवीत तळाशी ठेवली आहे. वाचून परत दे, बापूंना ती अजून माहीत नाही. आणि बुधवारीच सही करून बसली असशील तर तसं सांग, मी चिडणार नाही. म्हणजे त्या दिवशी तरी नाही.